केओएचच्या थेंबात जे उरतं ते: बुरशीची पेशी झाडाची का प्राण्याची?

«सर, मी खानापूरची, बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समधे एका पानावर लिहिलंय बुरशीला सेल वॉल असते म्हणून ती झाडासारखी, आणि पुढच्याच पानावर लिहिलंय ती प्राण्यांच्या जवळची. नक्की काय धरायचं? आणि यीस्ट नि मोल्ड हे वेगवेगळे जीव का एकाच जीवाची दोन रूपं? दुसरं म्हणजे माझ्या भावाला मांडीत गजकर्ण आहे, मेडिकलमधलं क्रीम लावलं की जातं आणि परत येतं, त्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे काय?»

संबंध आहे, आणि तुझे तिन्ही प्रश्न एकाच स्लाइडवर सुटतात म्हणून मी तिथनंच सुरू करतो. बेळगावात बरीच वर्षं मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमधे फंगसचं टेबल सांभाळतोय, आणि पावसाळा लागला की खानापूर, चंदगड, निपाणी, चिकोडी सगळीकडनं गजकर्ण आणि चिखल्याचे पेशंट येतात, ओले कपडे अंगावरच वाळवणारी माणसं जास्त. त्यांच्या कातडीचा कोंडा खरवडून आम्ही जी पहिली टेस्ट करतो ती केओएच माउंट, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधे बघायची स्लाइड.

करायचं असं. चट्टा स्पिरिटने पुसून घ्यायचा, वाळू द्यायचा, मग बोथट स्काल्पेलने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडायचा. कडेचाच, मधला नाही, कारण गजकर्ण बाहेरच्या बाजूला पसरत जातं आणि जिवंत बुरशी त्या लालसर उठलेल्या कडेला असते, मधे बऱ्याचदा काही मिळत नाही आणि रिपोर्ट उगाच निगेटिव्ह जातो. कोंडा स्लाइडवर ठेवून वर 10 टक्के केओएचचा एक थेंब, कव्हरस्लिप, आणि ज्योतीवरनं हलकंच फिरवायचं, उकळू द्यायचं नाही, उकळलं तर केओएचचे स्फटिक होतात आणि काही दिसत नाही. मग दहा ते तीस मिनिटं थांबायचं. नखाचा तुकडा असेल तर 20 ते 40 टक्के केओएच लागतं आणि कित्येक तास, कधी रात्रभर.

या वेळात थेंबात काय होतं ते बघ. कोंडा म्हणजे आपल्या कातडीच्या मेलेल्या पेशी, आत केराटिन नावाचं प्रोटीन ठासून भरलेलं. प्राण्याच्या पेशीला बाहेरनं भिंत नसते, नुसता पातळ मेंब्रेन, आणि अल्कलीला प्रोटीन विरघळवायला आवडतं, त्यामुळे आपल्या पेशी फुगतात, सैल होतात, पारदर्शक होतात. पण त्यांच्यामधनं गेलेले बुरशीचे धागे तसेच्या तसे राहतात कारण त्यांच्या भोवतीची भिंत प्रोटीनची नाही, मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांची आहे आणि एवढ्या अल्कलीला ती दाद देत नाही. चाळीसच्या लेन्सखाली कंडेन्सर थोडा खाली घेऊन उजेड कमी केला की दोन ते चार मायक्रॉन जाडीचे, चकाकणारे, फांद्या फुटलेले, मधेमधे आडवे पडदे असलेले धागे दिसतात. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे ते धागे आपल्या पेशींच्या सीमा न जुमानता आरपार जातात. नवीन टेक्निशियन पेशींच्या कडेकडेने जाणारी जाळी बघून फंगस लिहून टाकतो, ती बऱ्याचदा पेशींच्या मधल्या चरबीची असते. धागा पेशीच्या सीमेबरोबर वळत असेल तर संशय घ्यायचा, सीमा तोडून जात असेल तर बुरशी. आणि स्लाइड त्याच दिवशी वाचायची, दोन-तीन दिवस पडू दिली की बुरशीचे धागेसुद्धा हळूहळू विरघळायला लागतात.

आता ही भिंत. तिच्यातलं कायटिन म्हणजे एन-असिटिल ग्लुकोसामाइन या साखरेची साखळी, बीटा 1-4 जोडणीची. झाडाच्या भिंतीतलं सेल्युलोज म्हणजे साध्या ग्लुकोजची साखळी, जोडणी तीच, बीटा 1-4. फरक एवढाच की कायटिनमधे प्रत्येक साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलच्या जागी नायट्रोजनवाला एक गट आहे, त्या गटांमुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना जास्त घट्ट धरतात. हे दोन पदार्थ किती जवळचे आहेत ते मला कॅल्कोफ्लोर व्हाइट वापरताना रोज दिसतं. तो फ्लोरोसंट डाय आहे, मूळचा कापड पांढरं दिसावं म्हणून वापरायचा, तो कायटिनला पण चिकटतो आणि सेल्युलोजला पण, त्यामुळे फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली बुरशी निळी-पांढरी चमकते आणि पेशंटच्या बनियनचा कापसाचा धागा पण तसाच चमकतो. मग वेगळं कसं ओळखायचं, तर कापसाचा धागा कितीतरी जाड, चपटा, पिळवटलेला असतो आणि त्याला आडवे पडदे नसतात.

पण भिंत म्हणजे कायटिनच असं धरू नकोस, पुस्तकं वाचून पोरांचा हा समज होतो. बुरशीच्या भिंतीत सगळ्यात जास्त भरणा ग्लुकान नावाच्या ग्लुकोजच्या दुसऱ्या साखळ्यांचा असतो, बाहेरच्या थरात साखर लागलेली प्रोटीनं असतात, आणि कायटिन आतल्या बाजूला, मेंब्रेनला लागून. बेकरीच्या यीस्टमधे कायटिन भिंतीच्या वाळलेल्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के, धाग्याच्या बुरशींमधे साधारण दहा ते वीस टक्के. थोडं असलं तरी ताकद त्याची. बुरशीच्या पेशीच्या आत पाण्याचा दाब खूप असतो, सायकलच्या टायर-ट्यूबसारखं समज, ट्यूब म्हणजे मेंब्रेन आणि टायर म्हणजे भिंत, टायरला चीर गेली की ट्यूब तिथनं फुगून बाहेर येते आणि फुटते. आपल्या रक्ताच्या लाल पेशी साध्या पाण्यात टाकल्या की फुटतात, यीस्ट साध्या पाण्यात आरामात राहतं, झाडाची पेशी पण राहते. इथवर बुरशी झाडासारखी, आणि नोट्सचं पहिलं पान एवढंच सांगतंय.

दुसरं पान भिंतीच्या आत शिरलं की कळतं. बुरशीत क्लोरोप्लास्ट नाही, साठवणीचा पदार्थ स्टार्च नाही तर ग्लायकोजन, जे आपल्या लिव्हरमधे आणि स्नायूंमधे असतं. कायटिन सुद्धा झाडं बनवत नाहीत पण प्राण्यांत खेकडा, झिंगा, झुरळ यांच्या कवचात ते भरपूर आहे, फरक हा की त्यांचं कायटिन अंगाबाहेरचं कवच आहे आणि बुरशीचं प्रत्येक पेशीभोवती. आणि मला सगळ्यात पटणारा पुरावा स्टेरॉलचा, तो नीट सांगतो कारण औषधांचा सगळा खेळ तिथेच आहे.

मेंब्रेन फार पातळ पण नको नि फार घट्ट पण नको म्हणून प्राणी, झाड, बुरशी तिघांच्याही पेशी त्यात स्टेरॉल घालतात. आपल्यात कोलेस्टेरॉल, झाडात सिटोस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल वगैरे, बुरशीत बहुतेक वेळा एर्गोस्टेरॉल. एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल शेजारी काढून बघ, चार रिंगांचा सांगाडा तोच, एर्गोस्टेरॉलला दोन डबल बाँड जास्त आणि शेपटीवर एक मिथाइल जास्त, बस्स. बनवायचा रस्ता सुद्धा अर्ध्यापर्यंत एकच: स्क्वॅलिन, त्याला ऑक्सिजन जोडून स्क्वॅलिन इपॉक्साइड, मग त्याची रिंग होऊन लॅनोस्टेरॉल. लॅनोस्टेरॉलपासनं आपण कोलेस्टेरॉलकडे जातो, बुरशी एर्गोस्टेरॉलकडे. झाडं मात्र स्क्वॅलिन इपॉक्साइडपासनं मुख्यतः सायक्लोआर्टेनॉल नावाच्या वेगळ्याच पदार्थावर जातात. म्हणजे पेशीच्या आतल्या या कामात बुरशी आपल्या बरोबर चालते, झाडाबरोबर नाही. 1969 साली व्हिटेकरने पाच सृष्टींची मांडणी केली तेव्हा बुरशीला झाडांतनं काढून स्वतंत्र जागा दिली, आणि 1993 मधे बाल्डॉफ आणि पामर यांनी प्रोटीनांच्या क्रमावरनं दाखवलं की प्राणी आणि बुरशी एकमेकांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक. मग भिंत? झाडाची आणि बुरशीची भिंत वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळी तयार झालेली आहे, गरज सारखी म्हणून दिसायला सारखी.

हे नातं जवळचं असल्याची किंमत पेशंटला मोजावी लागते. बॅक्टेरियावरची पेनिसिलिनसारखी औषधं पेप्टिडोग्लायकॅनच्या भिंतीवर चालतात, बुरशीत ते नाहीच. काही अँटिबायोटिकं बॅक्टेरियाचा 70 एस रायबोसोम बंद पाडतात, बुरशीचा रायबोसोम आपल्यासारखाच 80 एस. आमच्या कल्चर मीडियात हे सरळ दिसतं, गजकर्णाच्या नमुन्यासाठीच्या साबुरो अगरमधे आम्ही क्लोरॅम्फेनिकॉल घालतो, बॅक्टेरिया थांबतात आणि बुरशी खुशाल वाढते. दुसरं सायक्लोहेक्झिमाइड घालतो, ते 80 एस रायबोसोमवर चालतं, त्याने हवेतल्या फालतू बुरशा थांबतात पण गजकर्णाच्या बुरशा ते सहन करतात. त्या औषधाला बुरशीचा आणि आपला रायबोसोम वेगळा कळत नाही म्हणून ते मीडियातच राहिलं, माणसाला देता येत नाही.

मग माणसाला द्यायला काय उरतं, तर मुख्यतः दोन जागा, भिंत आणि एर्गोस्टेरॉल. भिंतीतला ग्लुकान बनवायचं एन्झाइम बंद करणारी कॅस्पोफंजिनसारखी औषधं आहेत, पण ती शिरेतनं द्यायची, आयसीयूतल्या कॅन्डिडासारख्या इन्फेक्शनला, गजकर्णाला नाही. खुद्द कायटिनवर चालणारं औषध बाजारात अजून नाही, एक कारण असं की बुरशीकडे कायटिन बनवणारी एन्झाइमं अनेक असतात, एक अडवलं की दुसरं काम चालवतं. राहिला एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन पहिल्या पायरीला, स्क्वॅलिन इपॉक्सिडेजला अडवतं, त्यामुळे एर्गोस्टेरॉल कमी पडतो आणि आत स्क्वॅलिन साठून पेशी मरते. ते एन्झाइम आपल्यात पण आहे पण टर्बिनाफिन त्याला फार कमी धरतं. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही अॅझोल औषधं पुढच्या पायरीला, लॅनोस्टेरॉलच्या पुढे जाणाऱ्या एन्झाइमला अडवतात, आणि त्या जातीची एन्झाइमं आपल्या लिव्हरमधे भरलेली असल्यामुळे दुसऱ्या गोळ्यांबरोबर यांची भांडणं होतात, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्याने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अॅम्फोटेरिसिन बी तर तयार एर्गोस्टेरॉललाच धरतं आणि मेंब्रेन निकामी करतं, पण कोलेस्टेरॉलला पण थोडं चिकटतं आणि त्याचा त्रास किडनीला होतो.

एर्गोस्टेरॉलचा हा मुद्दा अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना पुस्तक न वाचता माहीत असतो. भुरी खरी बुरशी, तिच्यावर हेक्झाकोनॅझोलसारखं ट्रायअॅझोल चालतं. डाऊनी दिसायला बुरशीच, पानाखाली पांढरी लव, पण तो जीव बुरशीच्या घराण्यातला नाही, त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं आणि तो स्वतःचा स्टेरॉल बनवत नाही, म्हणून ट्रायअॅझोल फवारून डाऊनी थांबत नाही, तिथे बोर्डो किंवा मेटॅलॅक्झिलसारखं दुसरंच घ्यावं लागतं. धागे दिसले म्हणजे बुरशी असं धरता येत नाही ते या कारणाने.

आता यीस्ट आणि मोल्ड. यीस्ट म्हणजे एकेकटी गोल किंवा लांबट पेशी, अंगाला कोंब फुटून वाढणारी, प्लेटवर तिची वसाहत मळलेल्या लोण्यासारखी गुळगुळीत. मोल्ड म्हणजे टोकाला वाढत जाणारा नळीसारखा धागा, त्याचं जाळं, वसाहत लोकरीसारखी किंवा पावडरसारखी. ही नावं आकाराची आहेत, नात्याची नाहीत. कॅन्डिडा यीस्ट आणि अॅस्परजिलस मोल्ड दोघं एकाच मोठ्या गटातले, आणि क्रिप्टोकॉकस यीस्ट असून आळंबीच्या गटातला. आणि काही जीव दोन्ही रूपं घेतात. हिस्टोप्लाझ्मा मातीत 25 डिग्रीला मोल्ड, फुप्फुसात 37 ला यीस्ट. कॅन्डिडा अल्बिकन्सचं तसं नाही, त्याची यीस्ट पेशी सीरममधे 37 डिग्रीला ठेवली तर दोन-तीन तासात तिला नळी फुटते, ओळखायला आम्ही तीच टेस्ट लावतो, आणि ते धाग्याच्या रूपात गेलं की भिंतीतलं कायटिन साधारण तिप्पट होतं. म्हणजे रूप बदलताना भिंतसुद्धा नव्याने बांधली जाते.

एका पेशंटचं सांगतो म्हणजे हे सगळं एकत्र दिसेल. चिकोडीकडचा ऊसतोड करणारा तरुण, जांघेत नि मांडीवर गजकर्ण, छातीवर आणि पाठीवर फिक्कट शिबं. त्याला दोन्ही एकच रोग वाटायचा, एकच क्रीम दोन्हीकडे. आम्ही दोन जागांचे दोन नमुने घेतले. जांघेतल्या स्लाइडवर लांब, पडदे असलेले, फांद्यांचे धागे, काही धागे तुटून चौकोनी तुकड्यांच्या साखळ्या झालेल्या, यीस्ट एकही नाही. छातीच्या स्लाइडवर गोल यीस्ट पेशींचे घोस आणि त्यांच्यामधे आखूड वाकडे धागे, हा मालासेझिया, जो सगळ्यांच्याच अंगावर यीस्ट म्हणून गुपचूप राहतो आणि घाम-तेल वाढलं की धागे काढून शिबं करतो. कल्चरला पण दोघं वेगळे वागले. जांघेतला साबुरोवर दोन आठवड्यांत पांढरा पावडरसारखा वाढला, ट्रायकोफायटॉन निघाला. छातीतला साध्या साबुरोवर आलाच नाही, मालासेझियाला वाढायला चरबी लागते, प्लेटवर ऑलिव्ह तेल घातलं तर येतो, आणि शिब्याला कल्चरची गरज पण नसते, स्लाइड पुरते.

औषधाला याने फरक पडतो. टर्बिनाफिनची गोळी गजकर्णाला देतात पण शिब्याला तिचा उपयोग होत नाही, ती घामातनं कातडीच्या वरच्या थरात पुरेशी पोचत नाही, क्रीम म्हणून लावलं तर चालतं. आणि गजकर्णाला सुद्धा आता ती सगळ्यांना लागू पडेना, कारण ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए नावाचा जो प्रकार आपल्या देशात पसरलाय त्याच्या बऱ्याच नमुन्यांत स्क्वॅलिन इपॉक्सिडेजमधे एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, बहुतेक वेळा 397 नंबरच्या जागेला, आणि टर्बिनाफिन तिथे बसायचं ते बसत नाही. म्हणजे एर्गोस्टेरॉलच्या रस्त्यावर आपण ज्या नाक्याला अडवत होतो तो नाकाच बुरशीने हलवला. या तरुणाला डॉक्टरांनी नंतर इट्राकोनॅझोल दिलं, जे पुढच्या पायरीला चालतं आणि दोन्हीला लागू पडतं.

आता तुझ्या भावाचं. लावलं की जातं आणि परत येतं हे ऐकून माझा पहिला प्रश्न ट्यूबवर काय लिहिलंय हा. मेडिकलमधे मिळणाऱ्या मिश्र क्रीममधे अँटिफंगलबरोबर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असतं, हे स्टेरॉइड. ते बुरशीच्या भिंतीला की एर्गोस्टेरॉलला काहीच करत नाही, ते आपल्या कातडीची लढायची ताकद झोपवतं, खाज आणि लाली दोन दिवसात जाते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि खाली धागे मोकाट पसरत राहतात. बंद केलं की चट्टा आधीपेक्षा मोठा, कड पुसट झालेली, त्यामुळे डॉक्टरांना पण पटकन ओळखू येत नाही. अशा पेशंटच्या स्लाइडवर बहुतेकदा धाग्यांचा नुसता खच दिसतो. ट्यूब घेऊन त्याला कातडीच्या डॉक्टरांकडे जायला सांग, आणि घरात अजून कुणाला खाज असेल तर त्यांनाही बरोबर, एकाचं बरं करून दुसऱ्याचं ठेवलं की टॉवेल-चादरीतनं परत येतं.

केओएच करायचं ठरलं तर नमुना द्यायच्या आधी क्रीम किती दिवस थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, अँटिफंगल लावलेल्या कातडीचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. आणि गावातनं कोंडा पाठवायची वेळ आली तर घडी घातलेल्या कोरड्या कागदाच्या पुडीत पाठवा, घट्ट झाकणाच्या ओलसर बाटलीत नको. ओलाव्यात बॅक्टेरिया आणि हवेतल्या बुरशा आधी वाढतात आणि मग प्लेटवर भलतंच काहीतरी येतं, कोरड्या पुडीत मात्र गजकर्णाची बुरशी आठवडेच्या आठवडे जिवंत राहते.